नाना, आजी आणि जिनवाला भाऊ : चार माणसांचा आवाज एका पातळीवर आणताना

आमच्या मावसभावाने कापसावर एक बारा मिनिटांचा व्हिडिओ शूट केला, वावरातून कापूस निघतो तिथपासून जिनमधे रुई आणि सरकी वेगळी होऊन गाठी बांधल्या जातात तिथपर्यंत, सगळं अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं. एडिट माझ्याकडे आलं. चित्र छान होतं, पण आवाजाचं काय सांगू, वावरात बोलणारे नाना एका पातळीवर, ओट्यावर बसून बोलणारी आजी एकदम खाली, जिनमधला भाऊ मशीनच्या वर ओरडून बोलतोय, आणि मधेमधे निवेदन, जे मावसभावाने घरी रात्री रेकॉर्ड केलेलं. मोबाइलवर लावला की अंगठा व्हॉल्यूमच्या बटणावरून काढताच येत नव्हता, आजीसाठी वाढवायचा आणि भाऊ आला की दचकून कमी करायचा.

हे मी लाउडनेस मीटर आणि लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाजाचं टोक जाऊ न देणारं साधन, घेऊन कसं जुळवलं ते सविस्तर लिहितोय, कारण आमच्याकडे आता बरीच पोरं अशा गावाकडच्या मुलाखती करतात, चांगल्या करतात, आणि बहुतेक ठिकाणी आवाज असाच वरखाली असतो.

मी डाविंची रिझॉल्व्हमधे काम करतो, त्यातल्या फेअरलाइट पेजवर लाउडनेस मीटर आहेच. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर यूलीनचं फुकट मीटर प्लगइन मिळतं, ते मास्टरवर टाकायचं, आकडे तेच सांगतं.

पहिल्यांदा मी फक्त तुलना म्हणून पीक नॉर्मलाइझ लावून बघितलं, म्हणजे प्रत्येक क्लिपचं सगळ्यात उंच टोक -३ डीबीवर नेऊन ठेवायचं. बरेच जण हेच करतात, वेव्हफॉर्म सारख्या उंचीचे दिसले की झालं असं वाटतं. नानांच्या क्लिपचं टोक -७ वर होतं, म्हणजे त्यांना ४ डीबी मिळाले. आजीचं टोक -६ वर होतं, तिला फक्त ३ मिळाले. आजी तर नानांपेक्षा कितीतरी हळू बोलते, मग तिचं टोक वर कसं? तर मुलाखतीत एका ठिकाणी ती मोठ्याने हसली आणि टाळी वाजवली, तेवढं एकच टोक -६ ला जाऊन टेकलं, बाकीचं सगळं बोलणं -१५ च्या खाली. कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मीटर एलयूएफएसमधे सांगतं. त्यावर मोजलं तर आधी नाना -२४.२ एलयूएफएस आणि आजी -३१.५, म्हणजे ७.३ चं अंतर. पीक नॉर्मलाइझ केल्यावर नाना -२०.२ आणि आजी -२८.५, अंतर ८.३. म्हणजे जुळवायला गेलो आणि अंतर अजून १ ने वाढलं! कापसाचा ढीग उंच दिसतो म्हणून तो वजनाला जास्त भरेलच असं नसतं ना, काट्यावर टाकल्यावरच कळतं, वेव्हफॉर्मची उंची आणि कानाला वाटणारा आवाज यांचंही तेच आहे.

एलयूएफएस हा तो काटा. त्यामागे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं बीएस.१७७० नावाचं मानक आहे, पहिल्यांदा २००६ साली आलं. त्याच्या आताच्या आवृत्तीत दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे मोजायच्या आधी आवाज एका फिल्टरमधून जातो, जो अगदी खालचा घुमणारा बास कमी धरतो आणि वरच्या भागाला थोडं जास्त वजन देतो, कारण आपला कानही साधारण तसाच ऐकतो. दुसरं म्हणजे गेट, म्हणजे सरासरी काढताना शांत जागा सोडून दिल्या जातात. -७० च्या खालचं सरळ बाहेर, आणि मग उरलेल्याच्या सरासरीपेक्षा १० हून जास्त खाली असेल तेही बाहेर. त्यामुळे माणूस दोन वाक्यांत थांबला तरी त्याचा आकडा उगाच पडत नाही. हे गेट लक्षात ठेवा, जिनमधे त्यानेच घोळ घातला, पुढे येतंच.

मीटरवर तीन आकडे दिसतात. मोमेंटरी म्हणजे ४०० मिलिसेकंदांचा, शॉर्ट टर्म म्हणजे ३ सेकंदांचा, आणि इंटिग्रेटेड म्हणजे मोजणी सुरू केल्यापासून आत्तापर्यंतचा सगळा. एका माणसाची पातळी ठरवायला मी इंटिग्रेटेड वापरतो, आणि त्याच माणसाचं कुठलं वाक्य खाली गेलंय ते शोधायला शॉर्ट टर्म. फरक १ चा असेल तर त्याला १ एलयू म्हणतात, आणि १ एलयू म्हणजे गेनमधे १ डीबी, त्यामुळे हिशोब एकदम सोपा, मीटरवर जेवढं कमी तेवढंच क्लिपमधे वाढवायचं. काही मीटर सुरुवातीला रिलेटिव्ह स्केलवर असतात, म्हणजे त्यांचा ० म्हणजे टीव्हीवाल्यांचा -२३ असतो, तर मोजायच्या आधी ते एकदा बघून घ्या, नाहीतर सगळेच आकडे चमत्कारिक दिसतील.

मग टार्गेट. यूट्यूबचा संदर्भ -१४ च्या आसपास आहे, त्याच्या वर असेल तर ते प्लेबॅकला आवाज खाली करतात, खाली असेल तर तसाच ठेवतात, वर उचलत नाहीत. मी बोलण्यासाठी -१६ धरलं. गावाकडच्या खुल्या जागेतल्या आवाजाला -१४ वर न्यायचं म्हणजे लिमिटरवर फार भार येतो, आणि मला नानांचा आवाज नानांचाच राहायला हवा होता.

संगीत पूर्ण म्यूट केलं, बी-रोलचे मशीनचे, बैलगाडीचे आवाज म्यूट केले, आणि प्रत्येक माणसाला त्याचा वेगळा ट्रॅक दिला. नानांचा एक, आजीचा एक, भाऊचा एक, निवेदनाचा एक. एकच ट्रॅक सोलो करायचा, मीटर रीसेट करायचं, आणि त्या माणसाचं एक-दीड मिनिट सलग बोलणं वाजू द्यायचं. हसणं, खोकणं, मधे मावसभावाचा प्रश्न, हे सगळं त्या तुकड्यात नको. नाना -२४.२, आजी -३१.५, निवेदन -२०.६, आणि जिनवाला भाऊ -१५.८. मोजायची जागा मी एकच ठेवली, मास्टर बस. कारण मोनो फाइल बाहेर वेगळी मोजली आणि तीच फाइल दोन्ही चॅनलवर आल्यावर मोजली तर ३ एलयूचा फरक पडतो, मीटर चॅनलांची ऊर्जा बेरीज करतं म्हणून. निवेदन मोनो होतं, ते बाहेर मोजलं असतं तर आकडा चुकीचा धरला गेला असता.

आता भाऊचा आकडा बघा, -१५.८, म्हणजे टार्गेटवर बसलेलाच, काहीच करायला नको. पण कानाला तो स्पष्ट मोठा वाटत होता, निवेदन -१६ वर आणून त्याच्या शेजारी ठेवल्यावर तर फारच. मी क्लिप नीट बघितली. भाऊ बोलताना -१४ च्या आसपास, आणि तो थांबला की मागे जिनचा खडखडाट -२२. म्हणजे बोलणं आणि मशीन यांत फक्त ८ चं अंतर. गेट तर सरासरीच्या १० खालीपर्यंतचं आत घेतं, त्यामुळे त्याच्या थांबण्यातला मशीनचा आवाजही बोलणं म्हणून मोजला गेला, आणि भाऊ बराच थांबून थांबून बोलतो, जवळपास चाळीस टक्के वेळ मशीनच. त्यामुळे सरासरी जवळपास २ ने खाली दिसत होती. नानांच्या किंवा आजीच्या क्लिपमधे हे होत नाही कारण तिथे मागचं वातावरण बोलण्यापेक्षा खूप खाली आहे, गेट ते बरोबर बाहेर काढतं.

उपाय साधा आहे. भाऊची तीन-चार पूर्ण वाक्यं कापून, मधले थांबे काढून, एकामागे एक ठेवली आणि फक्त तीच मोजली, तर -१४.०. म्हणजे त्याला २ डीबी खाली आणायचं. आणि तेवढ्यावरही मी अजून १ खाली घेतला, एकूण ३. कारण ओरडून बोलणाऱ्या माणसाचा आवाज त्याच आकड्यावर असला तरी जास्त टोचतो, घसा ताणलेला असतो, वरचा भाग कर्कश होतो, तेवढं सगळं मीटर धरत नाही. शेवटचा १ डीबी कानाने ठरवायचा. पण कानाने फक्त शेवटचा १ ठरवायचा, सगळंच कानावर सोडलं तर तासाभराने कान थकतो आणि प्रत्येक क्लिप हळूहळू मोठी होत जाते.

तर नानांना +८.२, निवेदनाला +४.६, भाऊला -३, आणि आजीला +१५.५. हे सगळं क्लिपच्या व्हॉल्यूममधे, ट्रॅकच्या फेडरला हात लावला नाही, फेडर शेवटच्या बारीक मिक्ससाठी मोकळा ठेवला.

आजीचा १५.५ हा आकडा ऐकायला सोपा आहे पण त्याच्याबरोबर काय काय वर येतं ते बघा. एक तर ते हसणं आणि टाळी. -६ चं टोक १५.५ ने वर नेलं तर +९.५ वर जातं. ते तसंच लिमिटरकडे पाठवलं तर लिमिटरला १० च्या वर डीबी दाबावं लागेल, आणि ते ऐकू येतं, हसणं चेपून जातं आणि त्याच्या लगेच नंतरचा शब्द बुडतो, कारण लिमिटरला सोडायला थोडा वेळ लागतो. म्हणून ते हसणं मी दोन्ही बाजूंनी कापून वेगळी क्लिप केली, तिला आजीच्या बाकीच्या क्लिपपेक्षा ८ डीबी कमी ठेवलं, आणि दोन्ही टोकांना चार-पाच फ्रेमचा क्रॉसफेड दिला. आता टोक +१.५ वर, तेवढं लिमिटर आरामात घेतो. हसणं ८ ने कमी करूनही ते हसणंच वाटतं, लहान वाटत नाही, कारण मुळात ते बोलण्यापेक्षा बरंच मोठं होतं.

दुसरं, मागचा आवाज. आजीच्या क्लिपमधे ओट्यावरचा टेबल पंखा, चिमण्या आणि लांब कुठेतरी पाण्याची मोटर. मूळ क्लिपमधे हे -५८ च्या आसपास होतं, १५.५ दिल्यावर -४२.५ वर आलं. आजी बोलते तेव्हा त्रास नाही, पण निवेदनावरून आजीवर कट आला की एकदम पंखा सुरू झाल्यासारखं वाटायचं आणि परत कट झाला की बंद. मीटर यातलं काहीच दाखवत नाही, दोन्हीकडे -१६ च. मी नॉइज रिडक्शन लावलं पण थोडंसंच, ५-६ डीबीपुरतं, कारण जास्त लावलं की आजीच्या "वावरमा कापूस येचाले जाऊत" मधला शेवटचा "त" पाण्याखालून आल्यासारखा व्हायला लागला. अहिराणीत शब्दाचं शेवटचं टोकच सगळा अर्थ धरून असतं, ते गेलं तर काय उरलं. उरलेला पंखा मी लपवला नाही, आजी बोलायच्या एक-दीड सेकंद आधीपासून तोच ओट्याचा आवाज निवेदनाच्या शेपटीखाली हळूच आत आणला, आणि तिचं संपल्यावर तसाच हळू बाहेर काढला. असे आवाजाचे तुकडे मुलाखतीतल्या थांब्यांतूनच मिळतात, त्यामुळे ते थांबे फेकून देऊ नका, एका कोपऱ्यात ठेवून द्या.

नानांचं प्रकरण वेगळं. त्यांचा सरासरी आकडा -१६ वर बसला, पण ते बोलताना मधेच कपाशीकडे वळतात, आणि वाक्याच्या शेवटी आवाज टाकतात, जसे आपल्याकडे बरेच वयस्कर लोक टाकतात. शॉर्ट टर्म बघत बसलो तर एकीकडे -१३, आणि वाक्य संपताना -२१. असं असलं की सरासरी बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शेवटचे दोन शब्द कळत नाहीत. मी वाक्यावाक्याला क्लिप कापली, पडलेल्या भागांना २-३ डीबी जादा दिले, चढलेल्यांना २ कमी केले. त्यावर एक हलका कंप्रेसर, रेशो २:१, मोठ्या शब्दांवर फार तर ३ डीबी दाबेल असा. कंप्रेसर लावल्यावर पातळी बदलते म्हणून पुन्हा मोजलं, -१६.९ आली, तेवढा ०.९ मेकअप गेनमधून परत दिला. हे कापत बसणं कंटाळवाणं आहे हे खरं, पण कंप्रेसर एकट्याने हे काम नीट करत नाही, त्याला ८ चं अंतर मिटवायला लावलं तर नानांच्या श्वासांचा आवाजही वर येतो.

मग मास्टर बसवर लिमिटर. सिलिंग -१ ट्रू पीक. ट्रू पीक यासाठी की फाइलमधले सॅम्पल -१ वर दिसत असले तरी दोन सॅम्पलच्या मधला खरा तरंग त्याच्या वर जाऊ शकतो, आणि अपलोड झाल्यावर फाइल परत कॉम्प्रेस होते तेव्हा टोकं अजून थोडी सरकतात. तुमच्या लिमिटरमधे ट्रू पीकची सोय नसेल तर सिलिंग -२ ठेवा, कानाला काही फरक पडत नाही. सिलिंग सोडून लिमिटरचा इनपुट गेन मी ० ठेवला. लिमिटर फक्त वरची टोकं धरायला आहे. त्याचा इनपुट १५ ने वाढवून सगळ्यांना त्याच्यावर आपटून सारखं करायचं हा मार्गही काही व्हिडिओंमधे दाखवतात, मी तो एका कॉपीवर लावून ऐकला. आजी वर येते हे खरं, पण भाऊ त्याच्याच वर १५ ने जातो, लिमिटर त्याला चपटा करून दाबून धरतो, तरी तो आजीपेक्षा कितीतरी मोठाच राहतो, आणि जिनची मशीन तर त्याच्या थांब्यात उसळी मारून वर येते. जुळवणी गेनमधेच व्हायला हवी, लिमिटरपर्यंत येताना सगळे एका पातळीवर आलेले हवेत.

नानांचं टोक -७ अधिक ८.२, म्हणजे +१.२ वर, लिमिटरने २.२ दाबायला हवं, तेही मोठ्या शब्दावर. पण गेन रिडक्शनचा दिवा बघितला तर नाना शांतपणे बोलत असतानाही तो ३-४ डीबीपर्यंत हलत होता, आणि त्याच क्षणी त्यांचा आवाज किंचित आत गेल्यासारखा वाटत होता. मोठा शब्द नाही, टाळी नाही, मग दाबतंय कशाला? इथे मी बराच वेळ थांबलो, कारण लाउडनेस मीटरवर तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं, शॉर्ट टर्म स्थिर. शेवटी ईक्यूचा ग्राफ उघडून बघितलं तर ५० हर्ट्झच्या खाली मोठमोठ्या लाटा. वारा! दुपारच्या वावरातला वारा कॉलर माइकवर आपटत होता, मोबाइलच्या स्पीकरवर तर तो ऐकूच येत नाही, इतका खालचा. लाउडनेस मीटर त्या खालच्या भागाला कमी धरतं, म्हणून आकडा हलला नाही. लिमिटर मात्र तसा भेद करत नाही, त्याला फक्त तरंगाची उंची कळते, वाऱ्याची लाट वर आली की तो सगळाच आवाज खाली ओढतो आणि त्यात नानांचं बोलणंही जातं.

नानांच्या ट्रॅकवर ९० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याच्या खालचं कापणारा फिल्टर लावला, कंप्रेसरच्याही आधी, म्हणजे वाऱ्याने कंप्रेसरही हलायला नको. लिमिटरचा दिवा शांत झाला, फक्त दोन-तीन जोरकस शब्दांवर २ डीबीच्या आसपास हलतो. एलयूएफएसचा आकडा मात्र जवळपास तोच, ०.१ चा फरक. खूण म्हणून हे लक्षात ठेवा, मोठा शब्द नसताना लिमिटर दाबत असेल तर खाली काहीतरी घुमतंय, वारा असेल, माइकच्या वायरला लागलेला हात असेल, टेबलाला बसलेला धक्का असेल. आजीच्या ट्रॅकवरही तोच हाय-पास टाकला, तिचा पदर माइकला घासत होता त्यातलं खालचं थोडं गेलं, वरची सळसळ राहिली, ती दोन ठिकाणी हाताने काढली. हा हाय-पास खरं तर गेन द्यायच्या आधीच लावायला हवा असा आता माझा क्रम आहे, हाय-पास, मग मोजणी, मग गेन, मग कंप्रेसर, परत मोजणी, आणि सगळ्यात शेवटी बसवर लिमिटर.

चौघं जुळल्यावर एक सलग ऐकणं केलं, फक्त जोडांचं. जिथे एक माणूस संपतो आणि दुसरा सुरू होतो त्याच्या पाच सेकंद आधीपासून पाच सेकंद नंतरपर्यंत, लॅपटॉपच्या स्पीकरवर, अगदी कमी आवाजात. कमी आवाजात ऐकलं की फरक लगेच कळतो, मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं. जिनमधून आजीवर येणारा एक कट अजूनही खटकत होता. दोघांचे आकडे बरोबर होते, पण मशीनचा खडखडाट एकदम तुटून आजीची शांतता आली की पहिले दोन शब्द कान पकडत नाही. तिथे मशीनचा आवाज पाऊण सेकंद लांबवून फेड केला आणि आजीचं पहिलं वाक्य दीड डीबीने वर घेतलं. आकड्यात ते आता -१४.५, आणि कानाला बरोबर. तिथे मी कानाचं ऐकलं.

संगीत परत सुरू केलं. बोलण्याखाली असताना ते बोलण्यापेक्षा साधारण १८ ते २० खाली ठेवलं, आजीखाली तर अजून कमी, कारण तिथे पंखा आहेच. जिनच्या बी-रोलवर बोलणं नसतं तिथे संगीत वर येतं, पण तिथेही शॉर्ट टर्म -१७ च्या वर जाऊ दिलं नाही, नाहीतर माणसं सारखी केली आणि संगीताने परत बटणाला हात लावायला लावला असं होईल. शिवाय ते मोठं ठेवलं तर पूर्ण व्हिडिओचा इंटिग्रेटेड आकडा संगीतामुळे बरोबर दिसतो आणि बोलणं त्याच्या खाली राहून जातं. म्हणून बोलणं आधी एकट्याने जुळवायचं आणि संगीत त्याला धरून बसवायचं.

पूर्ण बारा मिनिटं मोजली, इंटिग्रेटेड -१६.३, ट्रू पीक -१.१. मास्टरला १ डीबी अजून दिला कारण लिमिटरमधे तेवढी जागा आहे असं दिसत होतं, नानांच्या जोरकस शब्दांवर आता ३ च्या थोडं वर दाबतंय, ते ऐकू येत नाही. आकडा -१५.४ आला, पूर्ण १ ने वाढला नाही कारण थोडं लिमिटरने खाल्लं. अजून १ देऊन बघितला तर भाऊच्या आवाजात चपटेपणा यायला लागला, म्हणून परत मागे घेतला. -१४ गाठायचंच असा हट्ट धरू नये असं माझं मत आहे, १.४ चा फरक बघणाऱ्याला एकदाच बटण दाबून भरून काढता येतो, पण चेपलेला आवाज त्याला परत उघडता येत नाही.

एक्सपोर्ट झाल्यावर फाइल परत एकदा बाहेर मोजतो, कारण एक्सपोर्टमधे कधी एखादा ट्रॅक म्यूट राहून जातो किंवा चॅनल चुकतात. त्यासाठी ही एक ओळ पुरते :

```
ffmpeg -i kapus_final.mov -vn -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो सारांश येतो त्यात `I:` समोर इंटिग्रेटेड आणि `Peak:` समोर ट्रू पीक दिसतो. माझ्याकडे -१५.४ आणि -१.१ आले, टाइमलाइनसारखेच. अपलोड झाल्यावर व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडलं, तिथे `content loudness -1.4dB` दिसलं, म्हणजे त्यांच्या संदर्भापेक्षा १.४ खाली आणि आवाज १०० टक्के, काही कापलेलं नाही. तिथे आकडा शून्याच्या वर आला असता तर समजायचं की ते तेवढा आवाज खाली करताहेत, आणि लिमिटरवर घेतलेली मेहनत फुकट गेली.

मावसभाऊ म्हणाला की पुढच्या वेळी आजीच्या वयाच्या माणसाला माइक पदराच्या वर, हनुवटीपासून वीतभर खाली लावतो, आणि नानांसाठी माइकला फर लावतो. तेवढं झालं तरी माझे आजीचे १५.५ मधले बरेच डीबी वाचतील आणि पंखाही तेवढाच खाली राहील. आता त्याच्याकडून केळीच्या पट्ट्यातलं रावेरचं शूट येतंय, त्यात पाच माणसं बोलतात आणि एक मुलाखत चालत्या ट्रॅक्टरवर आहे, ती तर थांबे काढूनच मोजावी लागणार.